एक खोकं, शून्य फेऱ्या

पालकहो, मुलं घरी येऊन सांगतात, "आज आम्ही डीबगिंग केलं." तुम्ही विचारता, "म्हणजे नक्की काय केलं?" आणि उत्तर येतं, "प्रोग्राम चालत नव्हता, तो चालवला." याच्या पुढे बोलणं जात नाही. प्रोग्राममधल्या चुकीला बग म्हणतात आणि ती चूक शोधून काढण्याच्या कामाला डीबगिंग, एवढं एका वाक्यात सांगता येतं. पण चूक शोधायची कशी, ते समोर प्रोग्राम ठेवल्याशिवाय कळत नाही. म्हणून आज एकच प्रोग्राम घेऊ. तो चार ओळींचा आहे आणि त्यातलं गणित तुमच्यापैकी अनेकजण रोज तोंडी करतात.

आपल्या राहनाळमध्ये आणि आजूबाजूला, पूर्णा, वळ, दापोड्याकडे, गोदामं किती आहेत हे मी सांगायला नको. त्यातलाच हिशेब घेऊ. गोदामात काही खोकी पडली आहेत. एका टेम्पोत एका वेळी ६० खोकी बसतात. टेम्पो एकच आहे. सगळी खोकी हलवायला त्याला किती फेऱ्या माराव्या लागतील? माणसाने खोक्यांचा आकडा टाकायचा, कॉम्प्युटरने फेऱ्यांचा आकडा सांगायचा. आठवीच्या मुलांनी पायथन या भाषेत लिहिलेला पहिला प्रोग्राम असा होता:

```python
khoki = input("किती खोकी? ")
tempo = 60
phere = khoki // tempo
print("फेऱ्या:", phere
```

कॉम्प्युटरची भाषा येत नसली तरी हा वाचता येतो. पहिल्या ओळीत पडद्यावर प्रश्न येतो, आणि आपण जे टाइप करू ते `khoki` या नावाने ठेवलं जातं. दुसऱ्या ओळीत टेम्पोत किती बसतात तो आकडा आहे. तिसऱ्या ओळीतल्या दोन तिरक्या रेघा म्हणजे भागाकार, आणि त्याचं उत्तर `phere` या नावाने ठेवलं. चौथ्या ओळीत ते पडद्यावर दाखवलं. वरून खाली, एकेक ओळ, याच क्रमाने कॉम्प्युटर काम करतो.

हा प्रोग्राम चालवला तर काय होतं? काहीच होत नाही. प्रश्नसुद्धा विचारला जात नाही. पडद्यावर हे उमटतं:

```
  File "phere.py", line 4
    print("फेऱ्या:", phere
         ^
SyntaxError: '(' was never closed
```

चौथ्या ओळीत कंस उघडलाय, तो बंदच केलेला नाही, असं कॉम्प्युटर सांगतोय. जुन्या पायथनमध्ये हाच निरोप इतका स्पष्ट नसे, हल्लीच्या आवृत्त्या नेमकं बोट ठेवतात. मुलांना पहिल्या दिवसांत लाल अक्षरं दिसली की ती न वाचताच हात वर होतो, "सर, एरर आली." मी एवढंच म्हणतो, मोठ्याने वाच. ओळीचा क्रमांक वाच, मग शेवटची ओळ वाच. नव्वद टक्के गोष्ट तिथेच लिहिलेली असते असं मी म्हणणार नाही, पण सुरुवात कुठून करायची हे नक्की लिहिलेलं असतं. इंग्रजी अवघड वाटलं तर शब्दकोश जवळ आहे. ही वाक्यं ठरावीक असतात, पुन्हा पुन्हा तीच येतात, महिन्याभरात ती ओळखीची होतात.

कंस बंद केला. आता प्रोग्राम सुरू झाला, त्याने विचारलं, "किती खोकी?" आपण १२० टाकले. आणि तो मध्येच थांबला:

```
  File "phere.py", line 3, in <module>
    phere = khoki // tempo
TypeError: unsupported operand type(s) for //: 'str' and 'int'
```

ही चूक पहिलीपेक्षा वेगळ्या जातीची आहे. लिहिण्यात काही चुकलेलं नाही, वाक्यरचना बरोबर आहे, म्हणून प्रोग्राम सुरू झाला. पण तिसऱ्या ओळीवर आल्यावर त्याला करता येणार नाही असं काम समोर आलं. `str` म्हणजे अक्षरांची माळ, `int` म्हणजे पूर्णांक. कॉम्प्युटर म्हणतोय, अक्षरांच्या माळेला मी आकड्याने भागू कसा?

पण आपण तर १२० टाकले होते, मग अक्षरं आली कुठून? तर कळफलकावरून जे जे टाइप होतं ते `input` आपल्याकडे अक्षरं म्हणूनच देतं. एक, दोन, शून्य अशी तीन चिन्हं. ती मिळून एकशे वीस ही संख्या होते, हे आपल्याला दिसतं, त्याला सांगावं लागतं. पहिल्या ओळीत `int` घातलं की ते सांगून होतं:

```python
khoki = int(input("किती खोकी? "))
```

इथे लक्षात घेण्यासारखी एक बाब आहे. कॉम्प्युटर तिसऱ्या ओळीवर थांबला, दुरुस्ती मात्र पहिल्या ओळीत झाली. चूक जिथे उघडी पडते आणि चूक जिथे झालेली असते, त्या दोन जागा वेगळ्या असू शकतात. मुलं सुरुवातीला तिसऱ्या ओळीतच अर्धा तास उलटसुलट करत बसतात. मग हळूहळू त्यांना सवय लागते की या ओळीला हा माल आला कुठून, त्याचा माग काढत वर जायचं.

जाता जाता, तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. या `int`ला देवनागरीत २५० टाइप करून दिलं तरी ते चालतं, पायथनला आपले आकडे वाचता येतात. पण "250 खोकी" असं लिहिलं किंवा हजारानंतर स्वल्पविराम देऊन "1,250" लिहिलं तर तो लगेच तक्रार करतो. खोकी हा शब्द वगळून आकडा तेवढा घ्यावा, एवढा अंदाजही तो आपल्या मनाने बांधत नाही.

तर आता प्रोग्राम चालला. १२० टाकले, उत्तर आलं २. बरोबर. १८० टाकले, ३. बरोबर. २४० टाकले, ४. तेही बरोबर. लाल अक्षरं गेली, तीन उत्तरं जुळली, वर्गात टाळ्या पडल्या. खरी गोष्ट इथून सुरू होते, म्हणून इथे थोडं थांबू.

एका मुलीने २५० टाकले. उत्तर आलं:

```
फेऱ्या: 4
```

आता तुम्हीच सांगा. चार फेऱ्यांत २४० खोकी गेली. उरलेली १० गोदामाच्या दारात पडून आहेत. टेम्पोला पाचवी फेरी मारावीच लागणार. उत्तर ५ हवं होतं, आलं ४. आणि कॉम्प्युटर गप्प आहे. लाल अक्षर नाही, ओळीचा क्रमांक नाही, तक्रार नाही. २४० ला जितक्या ठामपणे त्याने ४ सांगितलं, तितक्याच ठामपणे २५० लाही ४ सांगितलं.

तुमच्यातल्या ज्यांच्या घरी लूम आहेत किंवा ज्यांनी लूमवर काम केलंय त्यांना हा फरक चटकन कळेल. साध्या मागावर धोट्यातला आडवा धागा तुटला किंवा संपला, की काटा तो ओळखतो आणि माग आपोआप थांबतो. कारागिराला तिकडे जावंच लागतं. पण बीमवरचा एखादा उभा धागा तुटला तर साधा माग थांबत नाही. तो चालूच राहतो, कापड निघत राहतं, आणि त्या कापडात एक बारीक उभी फट लांबच लांब जात राहते. कोणाची नजर जाईल तेव्हाच ती सापडते. आपल्या प्रोग्रामच्या पहिल्या दोन चुका माग थांबवणाऱ्या होत्या. ही तिसरी तशी नाही.

मग ही सापडली कशी? त्या मुलीला उत्तर आधी माहीत होतं, म्हणून. तिने २५० टाकायच्या आधी मनात हिशेब केला होता की पाच यायला हवेत. पडद्यावर चार दिसल्यावर ती थबकली. वर्गातल्या बाकीच्यांनीही वेगवेगळे आकडे टाकले होते, पण आलेलं उत्तर वाचलं आणि पुढे गेले. म्हणून आमच्या वर्गात आता प्रत्येकाच्या वहीत तीन खाने असतात: काय टाकलं, काय यायला हवं, काय आलं. मधला खाना आधी भरायचा, मग प्रोग्राम चालवायचा. उत्तर पाहिल्यावर मधला खाना भरला तर हात आपसूक तेच उत्तर लिहितो.

चूक आहे हे कळलं. आता ती कुठे आहे? इथे मुलांचा हात शिवशिवतो. ओळी बदलायच्या, काही खोडायचं, काही घालायचं, पुन्हा चालवायचं. मी कळफलक बाजूला करायला सांगतो. आधी एक प्रश्न सोडवा: ज्या आकड्याला हा प्रोग्राम चुकतो असा सगळ्यात छोटा आकडा कोणता?

२४० ला बरोबर, २५० ला चूक. मधला २४५ टाकला, चूक. २४१ टाकला, चूक. म्हणजे सीमा नेमकी २४० च्या पलीकडे आहे. २४० ला ६० ने पूर्ण भाग जातो, २४१ ला एक उरतो. एक उरला की चुकतं, हे कळल्यावर कोणीतरी म्हणालं, मग नुसतं १ टाकून बघू. टाकलं. उत्तर आलं शून्य.

एक खोकं, शून्य फेऱ्या. हे पाहिल्यावर वर्गातल्या ज्या मुलांना भागाकार अजून नीट जमत नाही, त्यांनाही चूक दिसली. २५० ला चार की पाच यावर वाद घालता येतो, कागद-पेन्सिल घ्यावी लागते. एक खोकं टेम्पो न हलता पोचत नाही, यावर वाद नाही. छोटं उदाहरण मिळवायला पाच मिनिटं गेली, पण पुढचं सगळं सोपं झालं.

मग आम्ही प्रोग्राम हाताने चालवतो. फळ्यावर तीन चौकोन काढायचे, वर नावं लिहायची: `khoki`, `tempo`, `phere`. एकाने ओळीवर बोट ठेवायचं, दुसऱ्याने चौकोनात आकडा लिहायचा. पहिली ओळ, `khoki` मध्ये १. दुसरी ओळ, `tempo` मध्ये ६०. तिसरी ओळ, १ भागिले ६०. इथे मुलं अडखळतात, आणि अडखळली की समजायचं, जागा सापडली. अडखळण्याआधीच्या दोन ओळी निर्दोष आहेत हेही याच कामातून कळलं, त्यांच्याकडे पुन्हा बघायला नको.

हाताने केलेलं आणि कॉम्प्युटरने केलेलं जुळतं का हे बघायला प्रोग्रामलाच मधले आकडे दाखवायला सांगायचं. तिसऱ्या ओळीखाली एक तात्पुरती ओळ घातली:

```python
print(khoki // tempo, khoki % tempo)
```

दोन तिरक्या रेघा म्हणजे पूर्ण भागाकार आणि टक्क्याचं चिन्ह म्हणजे बाकी. पायथनमध्ये त्या चिन्हाचा टक्केवारीशी संबंध नाही. २५० टाकल्यावर या ओळीने दाखवलं: 4 10. भागाकार चार, बाकी दहा. चौथीत शिकलेलाच भागाकार. कॉम्प्युटरचं गणित तंतोतंत बरोबर होतं. आपण त्याला विचारलं, २५० मध्ये ६० पूर्ण किती वेळा जातात? त्याने सांगितलं, चार वेळा. आपल्याला विचारायचं होतं, सगळी खोकी न्यायला किती फेऱ्या? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि आपण पहिला प्रश्न लिहून दुसऱ्याचं उत्तर मिळेल असं धरलं होतं. उरलेली दहा खोकी आपणच तिसऱ्या ओळीत टाकून दिली.

कारण कळलं, आता दुरुस्ती. पहिली सूचना जी जवळजवळ प्रत्येक वर्गात येते ती अशी: एक कमी येतोय ना, मग एक मिळवा.

```python
phere = khoki // tempo + 1
```

२५० टाकले, ५ आले. १ टाकलं, १ आला. सगळे खूश. आणि आता वहीतले जुने आकडे पुन्हा टाकायला लावले. २४० टाकले, उत्तर ५. टेम्पो पाचव्यांदा रिकामा जाणार आणि रिकामा येणार. १२० ला ३, १८० ला ४. दुरुस्तीच्या आधी जे बरोबर येत होतं ते सगळं बिघडलं. शून्य खोक्यांनाही एक फेरी निघाली.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मोठ्या माणसांच्या कामातही हे सारखं घडतं, म्हणून मुलांना मी हे मुद्दाम करू देतो. जुने आकडे पुन्हा टाकायचे म्हटलं की त्यांना कंटाळा येतो. पण दुरुस्ती झाली की नाही हे फक्त बिघडलेल्या आकड्याला विचारून भागत नाही, चांगल्या आकड्यांनाही पुन्हा विचारावं लागतं. कंपन्यांमध्ये यासाठी शेकडो, हजारो तपासण्या लिहून ठेवतात आणि प्रोग्राममध्ये एक अक्षर बदललं तरी त्या सगळ्या पुन्हा चालवतात. आमच्याकडे त्यासाठी वहीचा तो तीन खान्यांचा तक्ता आहे.

दुसरी सूचना हुशार मुलांकडून येते: साधा भागाकार करून जवळच्या पूर्णांकाला न्या, पायथनमध्ये त्यासाठी `round` आहे. २९० खोकी, २९० भागिले ६० म्हणजे ४.८३, जवळचा पूर्णांक ५, बरोबर. २५० खोकी, ४.१७, जवळचा पूर्णांक ४, चूक. ही दुरुस्ती पहिलीपेक्षा जास्त फसवी आहे, कारण ती कधी बरोबर येते, कधी नाही. टेम्पो अर्ध्याहून अधिक भरत असेल तर ती जुळते, कमी भरत असेल तर शेवटची खोकी पुन्हा गोदामातच. २९० आणि २९५ एवढंच तपासून कोणी वही मिटली तर त्याला पत्ताच लागणार नाही.

मग बरोबर दुरुस्ती कोणती? तात्पुरत्या ओळीनेच ती सुचवली होती. बाकी उरली तरच एक फेरी वाढवायची, नाही उरली तर नाही. पूर्ण प्रोग्राम असा झाला:

```python
khoki = int(input("किती खोकी? "))
tempo = 60
phere = khoki // tempo
if khoki % tempo > 0:
    phere = phere + 1
print("फेऱ्या:", phere)
```

`if` म्हणजे जर. जर बाकी शून्याहून मोठी असेल, तर फेऱ्यांत एक मिळव. ती ओळ थोडी आत सरकवलेली आहे, ते शोभेसाठी नाही. आत सरकवल्यामुळेच ती "जर"च्या ताब्यात जाते. डावीकडे शेवटपर्यंत ओढली तर पाचव्या ओळीवर पुन्हा लाल अक्षरं येतील.

आता तक्ता. कोणते आकडे टाकायचे? शंभर आकडे टाकण्यात अर्थ नाही. सीमेजवळचे टाका: ०, १, ५९, ६०, ६१, आणि आपले जुने २४० व २५०. यायला हवं ते आधी लिहिलं: ०, १, १, १, २, ४, ५. आलं तेच. ५९, ६०, ६१ हे तीन आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. एक मिळवणारी चुकीची दुरुस्ती ६० वर लगेच पकडली जाते, बाकी टाकून देणारा मूळ प्रोग्राम ५९ वर. टेम्पो नेमका भरतो त्या ठिकाणी, त्याच्या एक अलीकडे आणि एक पलीकडे बघितलं की या जातीच्या चुका लपत नाहीत.

हे फक्त शाळेतल्या मुलांचं नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीचं झून नावाचं गाणी ऐकायचं यंत्र होतं. त्याच्या ३० जीबीच्या मॉडेलची यंत्रं ३१ डिसेंबर २००८ ला एकाच दिवशी गोठली. आतल्या घड्याळाचा प्रोग्राम दिवस मोजून वर्ष काढत असे. दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत तो फिरत राही आणि दर फेरीला एक वर्ष वजा करी. लीप वर्ष असेल तर दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का हे बघून मगच वजा करायचं, अशी सोय होती. २००८ लीप वर्ष होतं, आणि वर्षाचा शेवटचा दिवस होता बरोबर ३६६ वा. तो ३६५ पेक्षा जास्त म्हणून प्रोग्राम बाहेर पडेना, आणि ३६६ पेक्षा जास्त नाही म्हणून काही वजा होईना. यंत्र तिथेच गरगरत राहिलं. दुसऱ्या दिवशी, बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा सुरू केल्यावर ती यंत्रं चालू लागली, कारण तारीख पुढे गेली होती. ३६५, ३६६, ३६७ हे तीन आकडे कोणी आधी टाकून बघितले असते तर ते कारखान्यातच सापडलं असतं. आमच्या आठवीच्या मुलांना हा प्रोग्राम मी दाखवला तेव्हा त्यांनी हीच जागा बोटाने दाखवली, कारण ५९, ६०, ६१ त्यांच्या वहीत होते.

आता आपला प्रोग्राम बरोबर झाला का? तक्त्यापुरता झाला. पण गेल्या आठवड्यात आमच्या एका विद्यार्थ्याने, त्याचे वडील टेम्पो चालवतात, वेगळाच प्रश्न काढला. तो म्हणाला, "सर, साठ खोकी बसतात हे खरं, पण खोकी जड असली तर छोटा हत्ती साठ उचलेल का?" छोटा हत्ती म्हणजे टाटा एस. ही गाडी २००५ साली आली तेव्हापासून तिची वजन न्यायची क्षमता सुमारे ७५० किलो धरली जाते. समजा एक खोकं १८ किलोचं आहे. साठ खोक्यांचे झाले १०८० किलो. जागा आहे, पण गाडीला झेपणार नाही.

मग वजनाने किती खोकी? ७५० भागिले १८, उत्तर ४१ आणि बाकी १२. इथे बाकी उरली म्हणून एक वाढवायचा का? नाही. ४२ खोकी ठेवली तर ७५६ किलो होतात. इथे बाकी टाकूनच द्यायची, ४१ वरच थांबायचं. म्हणजे वर जी गोष्ट चूक होती, दोन तिरक्या रेघांनी बाकी टाकून देणं, तीच इथे बरोबर आहे. त्या चिन्हात दोष कधीच नव्हता. आणि आता २५० खोक्यांना फेऱ्या किती? सहा फेऱ्यांत २४६ गेली, चार उरली, म्हणजे सात. इथे पुन्हा बाकीसाठी एक वाढवायचा. एकाच प्रोग्राममध्ये एका ओळीत बाकी सोडायची आणि दुसऱ्या ओळीत धरायची. कोणत्या ओळीत काय, हे पायथनच्या पुस्तकात मिळणार नाही, टेम्पोचं काम जाणणाऱ्याकडूनच कळेल.

मी याला वेगळ्या जातीची चूक समजतो. प्रोग्रामने दिलेलं काम चोख केलं, तपासणीही पार पडली, पण काम सांगतानाच वजन राहून गेलं होतं. अशी चूक कितीही ओळी वाचल्या तरी दिसत नाही, कारण ती ओळींत नसते. म्हणून घरी मूल प्रोग्राम दाखवेल तेव्हा तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही म्हणून मागे राहू नका. तुम्हाला गोदाम येतं, लूम येतो, दुकानाचा गल्ला येतो. "हे अमुक असेल तर काय होईल?" असं तुम्ही विचारलेलं एक वाक्य आमच्या तक्त्यात एक नवी ओळ घालतं.

मूल अडून बसलं असेल तेव्हा मात्र उत्तर शोधून देऊ नका. त्याला तीन गोष्टी विचारा: काय टाकलंस, काय यायला हवं होतं, काय आलं? पुष्कळदा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना ते स्वतःच थांबतं आणि पडद्याकडे वळतं. त्याने एका वेळी एकच गोष्ट बदलली का, हेही विचारा. चार ओळी एकदम बदलल्या आणि प्रोग्राम चालला, तर कोणत्या बदलाने चालला हे त्याला कधीच कळत नाही, आणि उरलेले तीन बदल पुढच्या चुका म्हणून आतच राहतात.

बाजूच्या खोलीत कॉम्प्युटर चालू ठेवले आहेत आणि त्यांवर सहा ओळींचा हा प्रोग्राम आहे. दारात कागद-पेन्सिल ठेवली आहे. आधी कागदावर उत्तर लिहा, मग आकडा टाका. एक जागा अजून उघडी आहे, ती मुलांनी मुद्दाम तशीच ठेवली आहे: खोक्यांच्या जागी उणे ७० टाकलं तर प्रोग्राम न थांबता उणे एक फेरी सांगतो. असा आकडा आला तर प्रोग्रामने काय करावं, पुन्हा विचारावं, की शून्य सांगावं, की सरळ नकार द्यावा, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. तुमचं मत त्यांना द्या, ते लिहून घेताहेत.